हिंदी प्रूफ तपासताना: नुक्ता, चंद्रबिंदू, अनुस्वार यांचा घोळ

चौथे_प्रूफ

मराठी मुद्रितशोधन नेहमीचं आहे, हिंदी मजकूर मात्र कानाच्या भरवशावर तपासावा लागतो. एका किल्ल्यावर लावायच्या माहितीफलकाचा हिंदी मजकूर आलाय. टंकलेखन मराठी माणसाचं आहे. ग्राहकाकडच्या माणसाने वर शेरा मारलाय, "नुक्ते और बिंदी ठीक करें", आणि स्वतः एकच दुरुस्ती केली आहे: बुर्जच्या ज खाली नुक्ता. मजकूर जसा आला तसा देतो:

> देवियों और सज्जनों, किले में आपका स्वागत हैं। यहॉं की तोपों पर जंग न चढे इसलिए उन्हें तेल दिया जाता है। जिन कारीगरों ने यह दरवाजा बनाया उन्होनें इसमें लोहे की कीलें लगाई थीं। बरसात में सीढियां फिसलन भरी होती हैं, संभलकर चढें। हवा तेज हो तो बच्चें बुर्ज पर न जाएं। नियम तोड़ने पर सजा होगी।

मला दुरुस्त मजकूर नकोय, म्हणजे हवाच आहे, पण प्रत्येक ठिकाणी कोणता नियम लागतो ते हवंय. फलक एकदा कापला की संपलं.

इंदूरकर

तीन पिढ्या इंदुरात आहोत, त्यामुळे सांगतो. नुक्त्याच्या भानगडीत पडू नका. नुक्ता उर्दूचा, हिंदीला त्याची गरज नाही. आमच्याकडची वर्तमानपत्रंही कित्येकदा नुक्ता देत नाहीत. सगळे नुक्ते काढून टाका, म्हणजे किमान एकसारखेपणा राहील. चंद्रबिंदूचंही तेच, टिंब दिलं की काम झालं. हां, एक चूक मात्र नक्की आहे: कीलें स्त्रीलिंगी अनेकवचन, तेव्हा "लगाईं थीं" पाहिजे.

खिळेजुळारी

इंदूरकर, सगळे नुक्ते काढले तर "तोड़ने"चं "तोडने" होईल. ड़ आणि ढ़ यांच्या खालचा नुक्ता उर्दूचा नाही, तो अस्सल हिंदीचा आहे आणि तो ऐच्छिक नाही. सड़क, पेड़, पढ़ना, बूढ़ा हे त्याशिवाय चूकच. क़ ख़ ग़ ज़ फ़ हा पूर्ण वेगळा कारभार आहे. हे दोन नुक्ते एकाच काट्यावर तोलले की पुढचा सगळा गोंधळ होतो. तुमच्याकडच्या वर्तमानपत्रांतही "सड़क"चा नुक्ता सोडलेला दिसणार नाही, बघा.

चौथे_प्रूफ, ड़/ढ़ चं आधी संपवू, कारण त्याला नियम सरळ आहे. शब्दाच्या सुरुवातीला ड, ढ: डाल, ढोल. जोडाक्षरात आणि अनुस्वारानंतर ड, ढ: लड्डू, गड्ढा, अंडा, ठंडा. दोन स्वरांच्या मध्ये किंवा शब्दाच्या शेवटी आला की ड़, ढ़. म्हणून तुमच्या मजकुरात चढ़े, चढ़ें, सीढ़ियाँ. मराठी माणूस हा नुक्ता विसरतो कारण मराठीत "चढ" आणि "ढोल" यांतला ढ एकाच अक्षराने लिहितात, उच्चार वेगळा होत असला तरी.

अपवाद दोन प्रकारचे. इंग्रजीतून आलेले शब्द साध्या ड ने राहतात: रेडियो, सोडा, रोड. आणि उपसर्ग लागलेले शब्द, जिथे ड मूळ शब्दाच्या सुरुवातीचाच आहे: निडर, अडिग, सुडौल. "निड़र" असं लिहिलेलं मी छापील मजकुरात पाहिलंय. नियम पाठ असतो, शब्द कुठे तुटतो ते बघितलेलं नसतं.

"लगाई थीं" बरोबर आहे, त्याला हात लावू नका. कारण रात्री लिहितो.

शाळेतली_बाई

बरं झालं हा धागा निघाला. माझ्या मुलाच्या हिंदीच्या वहीत बाईंनी "में" वर लाल रेघ मारून "मेँ" केलंय, आणि "नहीं"चं "नहीँ". मराठीत १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले ना? मग हिंदीत अजून कसे राहिले? की ते मराठी नियम हिंदीला लागू नाहीत?

खिळेजुळारी

बाई, मराठीचे नियम हिंदीला लागत नाहीत, आणि इथे उच्चार न होणाऱ्या अनुस्वाराचा प्रश्नही नाही. हिंदीत "में"मधला नाकातला उच्चार होतो. मराठीत "घरें", "तें" वगैरेंमधला गेलेला होता म्हणून टिंब काढलं.

वहीतल्या दुरुस्तीबद्दल: केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक वर्तनीत असं आहे की शिरोरेषेच्या वर मात्रा असेल तर चंद्रबिंदूऐवजी नुसतं टिंब द्यावं. में, मैं, नहीं, हैं, सिंचाई, गोंद, भौंकना. पण लहान मुलांच्या प्रवेशिकेत, जिथे उच्चारच शिकवायचा आहे, तिथे सगळीकडे चंद्रबिंदू द्यायला मुभा आहे, आणि तिथली उदाहरणं "मेँ, मैँ, नहीँ" अशीच आहेत. तेव्हा मुलगा पहिली-दुसरीत असेल तर बाईंच्या बाजूने बोलता येईल. सहावीत असेल तर "में" चूक नाही.

शाळेतली_बाई

सहावीत आहे :)

चौथे_प्रूफ

म्हणजे "जाएं" ला मात्रा आहे, टिंब बरोबर?

खिळेजुळारी

नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची प्रूफं घसरतात. "जाएं"मध्ये ए हे पूर्ण अक्षर आहे, मात्रा नाही. ए च्या डोक्यावर रेषेच्या वर काही नाही, जागा मोकळी आहे, म्हणून जाएँ. "करें"मध्ये र वर मात्रा आहे, जागा अडलेली, म्हणून टिंब. उच्चार दोन्हींचा सारखाच, चिन्ह वेगळं. त्याच न्यायाने महिलाएँ, भाषाएँ, पण किताबें, दीवारें.

पूर्ण अक्षरांपैकी ई, ऐ, ओ, औ यांना रेषेच्या वर काही ना काही आहे, म्हणून ईंट, ऐंठ, गईं, हुईं. अ, आ, उ, ऊ, ए मोकळे, म्हणून अँधेरा, आँख, उँगली, ऊँट, जाएँ. खालून लागणाऱ्या मात्रा अडचण करत नाहीत: मुँह, बूँद, हूँ. काना मोकळा: गाँव, पाँच, सीढ़ियाँ. म्हणजे कोणता स्वर हे लक्षात ठेवायचंच नाही. डोळ्याने रेषेच्या वर बघायचं.

हे झालं टिंब की चंद्रबिंदू. पण त्याआधीचा प्रश्न असा की तिथे स्वर नाकातून आहे की खरोखर न्, म् ऐकू येतोय. हंस पक्षी म्हणताना न् येतो, तिथे अनुस्वार. हँसना म्हणताना न् नाही, फक्त अ नाकातून, तिथे चंद्रबिंदू. मराठीत आपण या फरकासाठी दुसरं चिन्ह वापरत नाही, त्यामुळे हात आपोआप टिंबाकडे जातो. निदेशालयाने स्वतः दिलेली दुसरी जोडी अंगना आणि अँगना. पहिलीचा अर्थ सुंदर स्त्री, दुसरं म्हणजे अंगण. जिथे अर्थ बदलत नाही तिथे टिंब चालवून घ्यायची सवलत आहे, इंदूरकरांची वर्तमानपत्रं तीच वापरतात. पण सवलत घ्यायची तर अख्ख्या मजकुरात घ्यायची. एका ओळीत यहाँ आणि पुढच्या ओळीत जाएं, हे नको.

टंकधारी

इथे एक वेगळीच गोष्ट कोणी बघितली नाही. मजकुरातलं "यहॉं" नीट बघा. ते काना आणि चंद्रबिंदू नाही. ती ऑ ची मात्रा आहे, वर अनुस्वार. ज्याने टंकलं त्याला चंद्रबिंदू सापडलं नाही, मग त्याने ॉ घेऊन त्यावर टिंब ठेवलं. बऱ्याच फाँटात हे हुबेहूब चंद्रबिंदूसारखं दिसतं. छापून आलेलं कोणी ओळखणार नाही, पण फाँट बदलला की अर्धचंद्र डावीकडे आणि टिंब उजवीकडे सरकतं. शोधायला गेलात तर "यहाँ" शोधून "यहॉं" मिळत नाही. "हँसना"चं "हॅंसना" हाही त्याचाच भाऊ.

मराठी कळफलकावर ॉ आणि ॅ रोजच्या वापरातले असतात, चंद्रबिंदू नसतो, म्हणून हे मराठी टंकलेखकाच्या हिंदीत जास्त सापडतं. जुन्या बिगर-युनिकोड फाँटातून बदललेल्या मजकुरातही येतं. इनस्क्रिप्टवर चंद्रबिंदू Shift+X आहे, अनुस्वार नुसत्या x वर, नुक्ता ] वर.

दुसरी भानगड नुक्त्याच्या जागेची. नुक्ता व्यंजनानंतर लगेच आला पाहिजे, मात्रेच्या आधी. घाईत लोक आधी जा टंकतात आणि मग नुक्ता. पडद्यावर कधी बरोबर दिसतं, कधी ठिपक्यांचं वर्तुळ येतं. शोधायला हे पुरे:

```python
import re, unicodedata
t = unicodedata.normalize("NFC", t)
pat = r"[\u093E-\u094C\u0901\u0902]\u093C|[\u0945\u0949]\u0902"
for m in re.finditer(pat, t):
    print(t[max(0, m.start()-8):m.end()+8])
```

पहिला भाग मात्रेनंतर आलेला नुक्ता पकडतो, दुसरा खोटा चंद्रबिंदू.

चौथे_प्रूफ

मग सरळ बदलूनच टाकू का, ॉं जिथे असेल तिथे ाँ?

टंकधारी

नको. "लॉंग", "लॉंच" असं इंग्रजी शब्दांना कोणी लिहिलेलं असतं, तेही यात येतात. हिंदीत लॉन्ग, लॉन्च लिहिणं बरं, पण ते लाँग, लाँच नक्कीच नाही. म्हणून वर मी फक्त दाखवलंय, बदललं नाही. यादी काढा आणि एकेक बघा.

NFC का, तेही सांगतो. ज़ दोन प्रकारे साठवता येतो. एक आयता संकेत आहे U+095B, दुसरा म्हणजे U+091C आणि पाठोपाठ U+093C. दिसायला एकच. एकाच फाइलमध्ये दोन्ही असले तर शोध अर्धाच लागतो आणि तुम्हाला वाटतं सगळे बदलले. NFC केलं की सगळे दोन तुकड्यांचे होतात. बहुतेक अक्षरांत NFC जोडतं, क़ ते य़ या आठ अक्षरांत मात्र तोडतं, हे उलटं वाटलं तरी तसंच ठरलेलं आहे.

आणि इंदूरकरांनी सुचवलेलं "सगळे नुक्ते काढा" हे यंत्राने करणार असाल तर मराठी मजकुरावर चुकूनही चालवू नका. आपला दऱ्या-खोऱ्यांतला ऱ हाही आतून र आणि नुक्ता असाच फुटू शकतो. NFD करून U+093C उडवलात तर "दऱ्या"चं "दर्या" होईल. द्विभाषिक फलक असेल तर हा धोका खरा आहे.

मात्रेनंतर आलेला नुक्ता मात्र NFC दुरुस्त करत नाही. हलन्त आणि नुक्ता उलटे पडले असतील तर ते जागेवर येतात, मात्रा मध्ये आली की नाही.

इंदूरकर

ड़ चं मान्य, ते मी घाईत लिहिलं. पण सज़ा, ज़ंग वगैरेंची गरज काय? संदर्भाने कळतंच की. आणि "लगाई थीं"चं अजून कोणी सांगितलं नाही.

खिळेजुळारी

लगाई थीं. हिंदीत स्त्रीलिंगी अनेकवचनी क्रियापद दोन-तीन शब्दांचं असेल तर नाकातला उच्चार फक्त शेवटच्या शब्दावर जातो. कीलें लगाई थीं, औरतें आती हैं, लड़कियाँ गई होंगी. "लगाईं थीं" आणि "आतीं हैं" या दोन्ही चुका, त्याही अशा माणसाच्या ज्याला नियम अर्धा माहीत आहे. सहायक क्रियापद नसेल तर मात्र टिंब मागे येतं: कीलें लगाईं, लड़कियाँ गईं. आणि खरी गंमत नकारात. "लड़कियाँ यहाँ नहीं आतीं" या वाक्यात हैं गाळलेलं आहे, म्हणून टिंब आतीं वर. तिथे कोणी "आती" ठेवलं तर ती चूक धरायची.

तोच प्रकार नामांचा. तुमच्या मजकुरात "बच्चें" आलंय. पुल्लिंगी आकारान्त नामाचं साधं अनेकवचन बच्चे, दरवाज़े, लड़के, नाक कुठेच नाही. स्त्रीलिंगी साधं अनेकवचन नाकातलं, कीलें, सीढ़ियाँ. पुढे ने, को, से, पर काही आलं की दोन्हींना ओं: बच्चों को, तोपों पर. टंकणाऱ्याच्या मनात कीलें आणि बच्चे एकाच खणात पडले.

आणि पहिली ओळ. हाक मारताना ओं नाही, नुसता ओ. "बच्चो, इधर आओ", पण "बच्चों को बुलाओ". म्हणून देवियो और सज्जनो, भाइयो और बहनो, साथियो.

गझलवेडा

सभेत, टीव्हीवर सगळे "भाइयों"च म्हणतात.

खिळेजुळारी

म्हणतात, आणि लिहितातही. बोलण्यावर मी बोट ठेवत नाही. फलकावर मात्र व्याकरणाचं पुस्तक धरायचं, कारण तक्रार करणारा तेच उघडून दाखवतो.

"उन्होनें" राहिलं. तो शब्द उन्हों + ने असा आहे. ने ला नाक कधीच नसतं, टिंब हो वर: उन्होंने, इन्होंने, जिन्होंने. कारीगरों ने मध्ये तेच आहे, फक्त नाम असल्याने ने सुटा आहे. हा शब्द चुकला की मी समजतो बाकी मजकूर शब्द-शब्द तपासायला हवा. आणि "स्वागत हैं"मध्ये "आप"च्या आदरार्थी अनेकवचनाने फसवलंय. कर्ता स्वागत आहे, एकवचनी, म्हणून है.

गझलवेडा

आता नुक्त्यावर या. माझं मत स्पष्ट आहे, लिहायचा तर सगळा लिहा. क़िला, दरवाज़ा, ज़ंग, तेज़, सज़ा. क़िला मधला क़ाफ़ सोडून किला लिहिणं म्हणजे निम्मी दाढी करून बाहेर पडणं.

खिळेजुळारी

तुमचा क़ाफ़ तुम्हाला लखलाभ, पण निदेशालयाने नेमका हाच शब्द उदाहरणाला घेतलाय. जे अरबी-फ़ारसी शब्द हिंदीत मुरले आणि ज्यांचा उच्चार हिंदी ध्वनींत बदलला ते हिंदी रूपातच स्वीकारावेत, कलम, किला, दाग. क़लम, क़िला, दाग़ नव्हे. पण जिथे मूळ परकी रूपच हवं असेल किंवा उच्चारातला भेद दाखवायला हवा असेल तिथे नुक्ता द्यावा, खाना : ख़ाना, राज : राज़, फन : फ़न. म्हणून फलकावर किला हेच मानक.

आता भेद दाखवायला हवा कुठे? तुमच्या सहा ओळींत तीन खऱ्या जोड्या आहेत. जंग म्हणजे लढाई, ज़ंग म्हणजे गंज. किल्ल्यावरच्या तोपेसंदर्भात "जंग न चढे" वाचणारा क्षणभर लढाईकडेच जाणार, इंदूरकर, इथे संदर्भ मदत करत नाही, उलट दिशेला नेतो. तेज म्हणजे कांती, तेज़ म्हणजे वेगवान. सजा म्हणजे सजलेला, सज़ा म्हणजे शिक्षा. या तिन्हींना नुक्ता देणं नियमातच बसतं. दरवाज़ा ला अशी जोडी नाही. पण व्यवहारात बरीच प्रकाशनं क़ ख़ ग़ सोडून देतात आणि ज़ फ़ ठेवतात, कारण हे दोन उच्चार हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडात खरोखर वेगळे राहिलेत. मी तुमच्या जागी हेच धोरण लिहून ग्राहकाची सही घेईन: ज़ आणि फ़ सगळीकडे, क़ ख़ ग़ कुठेच नाही, अर्थाची जोडी अडली तरच अपवाद.

गझलवेडा

उर्दू वाचकाला किला खटकेल, एवढं म्हणून थांबतो. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगतो. बुर्जला नुक्ता देणं चूक आहे. मूळ अरबी शब्दात जीम आहे, ज़े नाही. नुक्ता न देणाऱ्यापेक्षा कुठेही देणारा जास्त नुकसान करतो.

चौथे_प्रूफ

हेच विचारायचं होतं. कुठला ज साधा आणि कुठला नुक्त्याचा, ओळखायचं कसं? मला तर मराठीत "जरा" म्हणताना जो ज येतो तो ऐकून ठरवावं असं वाटत होतं.

गझलवेडा

तो कान फसवतो. जरा, जोर, जुलूम यांत आपण दंततालव्य ज म्हणतो आणि हिंदीत ते ज़रा, ज़ोर, ज़ुल्म आहेत, म्हणून जुळतंय असं वाटतं. पण जादू, जबाब, जागा यांतही आपण तोच ज म्हणतो. हिंदीत जादू, जवाब, जगह, तिन्ही साधे.

खरा उपाय उर्दू लिपीतलं स्पेलिंग बघणं. लिपी वाचता येत नसली तरी चालेल, पाच अक्षरं ओळखायला शिका. शब्दात जीम असेल तर साधा ज. ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय यांपैकी काही असेल तर ज़. प्लॅट्सचा १८८४चा कोश इंटरनेटवर शोधता येतो, त्यात अरबी-फ़ारसी शब्दांचं मूळ रूप आणि रोमन उच्चार दोन्ही आहेत. रोमनमध्ये j असेल तर साधा, z असेल तर नुक्ता.

सर्वात जास्त चुकणारे बघा. मजबूर साधा, मज़बूत ला नुक्ता, आणि लोक बरोबर उलटं लिहितात. जुर्म साधा, ज़ुल्म नुक्त्याचा. दर्ज आणि दर्जा साधे, दर्ज़ी नुक्त्याचा. ताज साधा, ताज़ा नुक्त्याचा. इजाज़त आणि जहाज़ मध्ये पहिला ज साधा, दुसरा नुक्त्याचा. जज़्बा तसाच.

फ चं सोपं आहे. फल, फूल, फिर, फेंकना, फैलना हे देशी शब्द, यांना नुक्ता नाही. "फ़िर" आणि "फ़ूल" ऐकू येतात तसे कोणी लिहून टाकतं. साफ़, सिर्फ़, बर्फ़, तरफ़, दफ़्तर यांना आहे.

शाळेतली_बाई

मग माझं नेहमीचं "साहित्य संमेलन" हिंदीत तसंच लिहायचं ना? कार्यक्रमपत्रिका करायची आहे.

खिळेजुळारी

नाही, हिंदीत सम्मेलन. प्रयागची संस्था १९१० पासून "हिंदी साहित्य सम्मेलन"च आहे. हिंदीत अनुस्वार वर्गाच्या व्यंजनाआधी येतो: गंगा, चंचल, ठंडा, संध्या, संपादक. अनुनासिक दुहेरी असेल किंवा पुढे दुसऱ्या वर्गाचं अक्षर असेल तर अनुस्वार करत नाहीत: सम्मेलन, सम्मति, अन्न, जन्म, वाङ्मय. आपण संमती लिहितो ती तिकडे सम्मति. आपला सन्मान तिकडे सम्मान, पत्रिकेत तो शब्द हमखास असेल, बघून घ्या. संन्यासात मात्र अनुस्वारही आणि न ही, "सन्यासी" चूक.

चौथे_प्रूफ

हा माझा मजकूर. बघा.

> देवियो और सज्जनो, किले में आपका स्वागत है। यहाँ की तोपों पर ज़ंग न चढ़े इसलिए उन्हें तेल दिया जाता है। जिन कारीगरों ने यह दरवाज़ा बनाया उन्होंने इसमें लोहे की कीलें लगाई थीं। बरसात में सीढ़ियाँ फिसलन भरी होती हैं, सँभलकर चढ़ें। हवा तेज़ हो तो बच्चे बुर्ज पर न जाएँ। नियम तोड़ने पर सज़ा होगी।

इंदूरकर

"सँभलकर" कोण लिहितं? आमच्याकडे सगळे संभलकर. आणि म् स्पष्ट ऐकू येतो.

खिळेजुळारी

कोशातलं रूप सँभलना आहे, सँवारना सारखं. पण संभलना इतकं रुळलंय की मी दोन्ही सोडतो. संभव शी तुलना करून बघा, तिथे म् नक्की आहे. सँभलना मध्ये तो आहे की नाही यावर हिंदी भाषकांचंच एकमत होणार नाही. ढूँढना आणि ढूँढ़ना चंही तसंच. चंद्रबिंदूनंतर ढ़ येऊ शकतो, कारण तिथे न् नाही, नुसता नाकातला स्वर आहे. दोन्ही रूपं छापील मिळतात. एक धरा आणि पुढच्या फलकांवरही तेच ठेवा.

गझलवेडा

मी सँभलकर वाल्यांच्या बाजूने.

टंकधारी

फलक कापून बनणार असेल तर एक विचारा: अक्षरं सुटी कापणार की पत्र्यावर छापणार? सुटी कापली तर ज़, ढ़, ड़ यांचा नुक्ता आणि चंद्रबिंदूतलं टिंब हे स्वतंत्र तुकडे होतात आणि चिकटवताना तेच आधी पडतात. कापणाऱ्याला फाइल वक्ररेषांत बदलून देताना "सीढ़ियाँ", "चढ़ें" आणि "ज़ंग" वेगळे मोजायला सांगा, किती तुकडे आले पाहिजेत ते. आणि दोन ओळींतली जागा वाढवा. वरच्या ओळीतल्या ढ़ चा नुक्ता खालच्या ओळीतल्या चंद्रबिंदूला टेकला की लांबून दोन्ही वाचता येत नाहीत.

चौथे_प्रूफ

सुटी कापणार आहेत. ज़ंग चा नुक्ता धरून तुकड्यांची यादी आजच करतो. सँभलकर ठेवायचं की संभलकर, ते ग्राहकाला विचारतो, दोन्हींच्या खाली खूण करून.